पाण्याच्या चाचणीत पास झालेली गच्ची: वाचनालयाच्या छतातली पिनहोल विजेने कशी सापडली

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातलं हे सार्वजनिक वाचनालय. तळमजल्यावर वाचनकक्ष आणि देवघेव, वरच्या मजल्यावर संदर्भ विभाग आणि जुन्या मासिकांचे बांधीव अंक. वर २८० चौरस मीटरची सपाट गच्ची. आरसीसी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा साधारण १०० मिलिमीटर जाडीचा कोबा, चारही बाजूंनी जांभ्या चिऱ्याचा गिलावा केलेला कठडा, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. पुढेमागे आणखी एक मजला चढवायचा म्हणून आठ कॉलमच्या सळ्या गच्चीतून वर सोडलेल्या. कोकणात अशा सळ्या घरोघरी दिसतात. बहुतेक ठिकाणी तो मजला कधीच होत नाही आणि सळ्या मात्र खाऱ्या वाऱ्यात गंजत राहतात.

जुन्या कोब्याला भेगा पडल्यावर कार्यकारिणीने आगोटीआधी, एप्रिलमध्ये, कोब्यावर पीयू कोटिंग करून घेतलं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रोलरने लावायचं आणि वाळल्यावर रबरासारखं लवचीक होणारं. आधी प्रायमर, मग दोन हात, मिळून दीड मिलिमीटर जाडी, कठड्याच्या पायथ्याच्या वाट्यात, म्हणजे गच्ची आणि कठडा जुळतात तिथल्या गोलाईत, जाळीचं कापड, आणि पाच वर्षांची लेखी हमी. कागदावर यात काही चुकीचं नव्हतं.

अडचण

पहिल्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, संदर्भ विभागाच्या पूर्वेकडच्या बीमखाली ओल दिसली. ठेकेदाराने उघडीप मिळताच नेमक्या त्या डागाच्या वर, गच्चीच्या पूर्व बाजूला, चांदीसारखा चकचकीत ॲल्युमिनियमचा चिकटपट्टा साधारण सहा मीटर लांब चिकटवला. फेब्रुवारीत हमीच्या अटीप्रमाणे पाणी साठवून चाचणी झाली. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून ५० मिलिमीटर पाणी भरलं, ४८ तास ठेवलं. खालचं छत कोरडंच राहिलं. ठेकेदाराने चाचणी यशस्वी झाल्याचा कागद दिला, सचिवांनी त्यावर सही केली. दुसऱ्या जुलैत तोच बीम पुन्हा ओला झाला आणि शेजारच्या कपाटातल्या बांधीव अंकांना बुरशी धरली.

गळतीचं कारण शोधायला आम्ही या टप्प्यावर कामात आलो. कार्यकारिणीचा पहिला प्रश्न असा होता: "पाणी भरून बघितलं तेव्हा थेंब पडला नाही, मग पावसात कुठून येतं?"

प्रश्न रास्त होता आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून होते, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

२८० चौरस मीटर गच्चीवर पाण्याची पातळी १ मिलिमीटरने उतरली, तर २८० लिटर पाणी गेलेलं असतं. फेब्रुवारीच्या उन्हात आणि वाऱ्यात दिवसाला काही मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. त्यामुळे पट्टी लावून पातळी मोजली, तरी दिवसाला वीस-तीस लिटर मुरवणारी गळती त्या वाफेत पूर्ण झाकली जाते. खाली पाहावं, तर मुरलेलं पाणी लगेच छतातून टपकत नाही. फेब्रुवारीचा कोबा कोरडा ठणठणीत असतो. विटांचे तुकडे आणि त्यांच्यातल्या पोकळ्या ते पाणी आधी पिऊन घेतात, मग ते कोब्यातच उताराच्या दिशेने सरकतं आणि स्लॅबला जिथे भेग किंवा पाइपाची फट सापडेल तिथे खाली उतरतं. ४८ तासांत हा प्रवास पूर्ण होत नाही. जुलैमध्ये कोबा महिनाभर भिजून भरलेला असतो, म्हणून तेव्हा आत जाणारा प्रत्येक थेंब दुसरीकडून एक थेंब बाहेर ढकलतो.

याशिवाय बारीक छिद्राचा, म्हणजे पिनहोलचा, स्वतःचा एक स्वभाव असतो. नवं पीयू पाणी धरत नाही, पाणी त्यावर गोळे होऊन राहतं. केसाएवढ्या छिद्रात अशा पृष्ठभागावरून पाणी शिरायला दाब लागतो आणि ५० मिलिमीटर उभं पाणी तो दाब प्रत्येक छिद्रावर देऊ शकेलच असं नाही. पावसाळ्यात चित्र बदलतं. उन्हाने तापलेल्या गच्चीवर अचानक सर येते, कोटिंगखालची हवा आकसते आणि वरचं पाणी छिद्रातून आत ओढलं जातं. दिवसातून चारदा ऊन आणि चारदा सर, असं कोकणात महिनोन्‌महिने चालतं. शांत, एकाच तापमानाच्या पाण्यात हे ओढणं घडत नाही.

म्हणजे चाचणी खोटी नव्हती. खालचं छत ४८ तासांत ओलं होतं का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर ती देत होती. कोटिंग अखंड आहे का, हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

डोळ्यांनी पाहणीही झाली होती. कोटिंगवर लहान लहान खड्डे खूप होते. भिंगातून पाहिलं तरी त्यातले बहुतेक वरवरचे, आरपार न गेलेले. जी छिद्रं आरपार होती त्यांत धूळ बसलेली, त्यामुळे ती आजूबाजूच्या राखाडी पृष्ठभागात मिसळून गेली होती. नजरेला जे दिसत होतं ते बहुतांशी निरुपद्रवी होतं आणि जे उपद्रवी होतं ते दिसत नव्हतं.

समोरचे पर्याय

गावातला सर्वमान्य पर्याय पत्र्याची शेड. "सगळ्यांच्या गच्चीवर पत्रा आहे, आपणच का वेगळं करायचं?" असं एक ज्येष्ठ सभासद म्हणाले आणि त्यात तथ्य होतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात गच्चीवर छप्पर घालणं शहाणपणाचंच आहे. पण ही इमारत समुद्राच्या तोंडावर, वाऱ्याला आडोसा नाही. शेडचे खांब उभे करायचे म्हणजे बेसप्लेटचे बोल्ट कोटिंग आणि कोब्यातून स्लॅबमध्ये न्यायचे, म्हणजे नव्या गळतीच्या जागा. परवानगीचा प्रश्न वेगळाच. शेड नको असं आम्ही म्हटलं नाही. गळती कुठे आहे हे कळण्याआधी शेड नको, एवढंच म्हटलं.

दुसरा पर्याय ठेकेदाराने मांडला, की वरून पीयूचा आणखी एक हात मोफत देतो. ऐकायला तो सगळ्यांत गोड होता आणि आमच्या मते सगळ्यांत वाईट. जुन्या छिद्रावर नवा थर टाकला की छिद्राच्या तोंडाशी हवा कोंडते. कोबा तापला की ती हवा नव्या ओल्या थरातून फुगा होऊन बाहेर येते आणि त्याच जागी पुन्हा छिद्र पडतं. वरून मात्र सगळं नवंकोरं दिसतं.

कोबा फोडून सगळं नव्याने करणं हा तिसरा पर्याय. खर्च मोठा, राडारोडा पुस्तकांच्या डोक्यावर, आणि कोबा निकामी झाल्याचा पुरावा तोवर काहीच नव्हता.

चौथा पर्याय म्हणजे विजेच्या मदतीने छिद्रं शोधणं. कल्पना साधी आहे. कोटिंग वीज वाहू देत नाही, पण त्याखालचा ओलसर कोबा आणि सळ्यांचा स्लॅब वाहू देतो. कोटिंगच्या वर एक टोक आणि स्लॅबला दुसरं टोक लावलं, तर वीज फक्त छिद्रातूनच खाली जाऊ शकते. ती कुठून खाली जाते हे पाहिलं की छिद्र सापडतं. पाणी आत गेल्यावर कुठेही भटकतं, विजेचा मार्ग मात्र थेट छिद्राशी नेतो. अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेची डी ७८७७ ही मार्गदर्शिका याच पद्धतींबद्दल आहे आणि चाचणी करणारी मंडळी तिचा आधार घेतात.

पण ही चाचणी प्रत्येक छतावर चालत नाही. कोटिंग किंवा मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारं आवरण, वीजरोधक हवं. काळं ईपीडीएम रबर यात बसत नाही, कारण त्यातला कार्बन वीज वाहतो. वरून ॲल्युमिनियम लावलेली डांबरी शीट कोकणात सर्रास वापरतात, तीही बसत नाही, कारण वीज त्या पत्र्यावर पसरते. मेम्ब्रेनच्या लगेच खाली वीज वाहणारं काहीतरी हवं. मध्ये थर्मोकोल किंवा प्लॅस्टिकचा थर असेल, तर आधीपासून जाळी अंथरलेली नसल्यास चाचणी निष्फळ. आणि मेम्ब्रेनवर फरशी किंवा माती नसावी. ओल्या थराखालून काही वेळा काम होतं, पण अचूकता कमी होते.

आमच्या गच्चीवर पीयू थेट कोब्याला चिकटलेलं होतं, मध्ये काही नाही. पद्धत लागू होती. अडसर एकच होता, पहिल्या दुरुस्तीचा तो चकचकीत पट्टा. त्याखालची जागा चाचणीला आंधळी राहणार होती, म्हणून तो काढायचं ठरलं. ठेकेदाराला ते पटलं नाही. "चाललेली दुरुस्ती कशाला उखडायची?" असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या पावसाळ्यातला ओला बीम दाखवल्यावर ते मान्य झाले. हमी त्यांचीच असल्याने चाचणीच्या वेळी त्यांच्या माणसाने हजर राहायचं, हेही तेव्हाच ठरवून घेतलं.

वेळ कोणती निवडायची

भर पावसात चाचणी केली तर कोबा उत्तम ओला मिळतो, पण विजेच्या चाचणीतली उंच दाबाची, म्हणजे हजारो व्होल्टची, पद्धत कोरड्या पृष्ठभागावरच चालते आणि दुरुस्तीचं पीयू ओल्यावर बसत नाही. मे महिन्यात पृष्ठभाग कोरडा मिळतो, पण कोबाही इतका सुकतो की तो वीज नीट वाहील याची खात्री नाही. परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, वर कोरडं आणि आत ओलसर अशी दोन्ही बाजूंनी सोयीची स्थिती असते. म्हणून तोवर थांबलो. मधल्या काळात बीमखालची कपाटं हलवून पुस्तकं दुसऱ्या खोलीत ठेवली. थांबायच्या निर्णयावर कार्यकारिणीत बरीच वादावादी झाली, पण तो घेतला हे फार बरं झालं.

प्रत्यक्ष काम

उपकरणं आणि माणसं मुंबईहून आली. पहिलं काम झाडू आणि विहिरीच्या गोड्या पाण्याने गच्ची धुण्याचं. समुद्राकाठी पृष्ठभागावर मिठाचा पातळ थर बसतो, तो हवेतली ओल धरतो आणि वीज त्यावरून सरपटत भलतीकडे जाते.

मग स्लॅबला टोक जोडायचं. यासाठी कॉलमच्या सळ्या उपयोगी पडल्या. एका सळीचा गंज कानशीने घासून चकचकीत लोखंड लागेपर्यंत काढला आणि तिथे क्लॅम्प बसवला. पण ही सळी बाकीच्या स्लॅबच्या लोखंडाशी खरोखर जोडलेली आहे का? हे गृहीत धरून पुढे गेलं तर यंत्र गप्प राहतं आणि सगळे म्हणतात, छिद्रंच नाहीत. म्हणून गच्चीच्या चारही कोपऱ्यांजवळ कोटिंगला सुईने मुद्दाम आरपार भोक पाडलं आणि प्रत्येक ठिकाणी यंत्र ते भोक दाखवतं का ते पाहिलं. तीन कोपऱ्यांत काटा लगेच हलला. टाकीजवळच्या चौथ्या कोपऱ्यात तो जेमतेम थरथरला. तिथे जवळच्या दुसऱ्या कॉलमची सळी घासून तीही जोडली, तेव्हा संकेत स्पष्ट झाला. हे मुद्दाम पाडलेलं भोक म्हणजे या चाचणीचा प्राण आहे. ते पाडल्याशिवाय दिलेल्या अहवालाला आम्ही किंमत देत नाही.

मोठ्या सपाट भागासाठी कमी दाबाची पद्धत घेतली. गच्चीच्या कडेने, कठड्यापासून थोडं आत, उघडी तार गोल फिरवून ठेवली. यंत्राचं एक टोक तारेला, दुसरं सळीला. साधारण ४० व्होल्टचे ठोके काही सेकंदांच्या अंतराने जातात. पृष्ठभागावर पाठीवरच्या पंपाने फवारा मारून पाण्याचा सलग पातळ थर ठेवला. कठड्याकडे पाणी चढू दिलं नाही, कारण ओला चिरा खाली स्लॅबशी जोडलेला असतो आणि वीज तिकडेच पळते. त्याच कारणाने आठही कॉलमच्या सळ्यांभोवती वेगळं तारेचं कडं घालून ते मुख्य तारेला जोडलं. कड्याच्या आतला भाग त्यामुळे या चाचणीतून सुटतो, त्याची नोंद ठेवली.

मग मीटरला जोडलेल्या दोन काठ्या घेऊन चालायचं. काठ्यांची टोकं पाण्याच्या थराला टेकवली की दर ठोक्याला मीटरचा काटा ज्या बाजूला वीज वाहते त्या बाजूला झुकतो. त्या दिशेने पुढे जायचं. एका जागी काटा उलटा झुकू लागतो, म्हणजे छिद्र मागे राहिलं. मागे येऊन, दोन्ही काठ्या छिद्राच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर आल्या की काटा मध्ये स्थिर होतो. मग काटकोनात वळून तेच पुन्हा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे खडूचं वर्तुळ. ते छिद्र वीज ओढत असल्याने शेजारच्या बारीक छिद्रांचा आवाज दबून जातो, म्हणून सापडलेल्या प्रत्येक छिद्राभोवती लगेच छोटं कडं घालून त्याला वेगळं करायचं आणि तोच भाग पुन्हा चालायचा. हे पुन्हा चालणं कंटाळवाणं आहे, आणि घाईच्या कामात नेमकं तेच गाळलं जातं. टाकीच्या बाजूला पहिल्या फेरीत सात वर्तुळं पडली होती, कडी घालून फिरत गेलो तेव्हा ती १९ झाली.

उभ्या बाजू, वाटे आणि सळ्यांचे बुंधे यासाठी उंच दाबाची पद्धत वापरली. यात पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो. सकाळचं दव उडाल्यावर, दहाच्या पुढे काम सुरू झालं. तांब्याच्या तारांचा ब्रश कोटिंगवरून सावकाश ओढायचा, छिद्र आलं की ठिणगी पडते आणि यंत्र ओरडतं. दाब किती ठेवायचा हा इथला खरा निर्णय. हवेतून ठिणगी उडायला साधारण दर मिलिमीटरला ३ ते ४ हजार व्होल्ट लागतात. कोटिंगचे छोटे तुकडे कापून जाडी मोजली, ती १.१ ते १.६ मिलिमीटर निघाली. १.६ मिलिमीटर जाडीतलं छिद्र दिसायला हवं आणि १.१ मिलिमीटरचं धड कोटिंग फाटायला नको. ६ हजार व्होल्टवर ठेवून, मुद्दाम पाडलेल्या भोकावर खात्री केली. ठेकेदाराच्या माणसाने त्याच वेळी सॉल्व्हंटने एक पट्टा पुसायला घेतला होता, ते ताबडतोब थांबवलं. उघड्या ठिणगीजवळ सॉल्व्हंटची वाफ ही थेट आगीची तयारी आहे. पेसमेकर असलेल्या माणसाने गच्चीवर यायचं नाही हेही आधी सांगून ठेवलं होतं.

काय सापडलं

एकूण ३४ जागा. त्यातल्या १९ पश्चिमेला, टाकीलगतच्या चार मीटर रुंदीच्या एका पट्ट्यात. ९ सळ्यांच्या बुंध्यांशी आणि वाट्यांत. उरलेल्या ६ विखुरलेल्या. पूर्वेला, जिथे खाली बीम ओला होता आणि वर चकचकीत पट्टा होता, त्या भागात एकही नाही. पाणी पश्चिमेला शिरत होतं, कोब्यातून उताराने गच्चीभर सरकत होतं आणि पूर्वेच्या बीमपाशी खाली येत होतं. पहिली दुरुस्ती डागाच्या बरोबर वर झाली होती, आणि छिद्रं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होती.

१९ छिद्रं एकाच पट्ट्यात का, याचा उलगडा ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या मोबाइलमधल्या फोटोंनी केला. त्या पट्ट्यातल्या पहिल्या हाताचे फोटो सकाळी साडेआठ ते अकराच्या दरम्यानचे होते. बाकी गच्चीचे दुपारी चारनंतरचे. "ऊन चढायच्या आत उरकून घेतलं, माणसं भाजून निघतात हो," असं ते म्हणाले. माणसांच्या बाजूने हे बरोबरच होतं, पण कोब्याच्या बाजूने उलटं. सकाळी कोबा तापत जातो, त्याच्या पोकळ्यांतली हवा प्रसरण पावते आणि वरच्या ओल्या थरातून बुडबुडे होऊन निघते. थर घट्ट होत आलेला असला की बुडबुड्याची जागा भरून येत नाही. संध्याकाळी कोबा थंड होत जातो, हवा आत ओढली जाते आणि ओला थर पोकळीत बसतो. हेच सामान, हाच रोलर, हीच माणसं. एकाच गच्चीचे दोन भाग फक्त लावण्याच्या वेळेने वेगळे झाले होते.

दुरुस्ती आणि परिणाम

प्रत्येक वर्तुळाच्या आतला भाग तळहाताएवढा घासून खरखरीत केला, छिद्र थोडं रुंद करून त्यात घट्ट पीयू पेस्ट दाबून भरली, म्हणजे कोंडलेली हवा उरणार नाही. ती सुकल्यावर वरून संध्याकाळी एक हात. टाकीलगतच्या पट्ट्यात छिद्रं दाट असल्याने तो पूर्ण पट्टा आधी पेस्टने खरवडून भरला, मग कोटिंग केलं. पीयू पूर्ण सुकायला दिलेली मुदत उलटल्यावर सगळ्या जागा उंच दाबाने पुन्हा तपासल्या. दोन ठिकाणी यंत्र पुन्हा ओरडलं, दोन्ही सळ्यांच्या बुंध्याशी. तिथे गंजाचे पापुद्रे निघत होते आणि कोटिंग लोखंडाऐवजी गंजाला चिकटत होतं. गंज काढून पुन्हा केलं.

पुढच्या पावसाळ्यात बीम कोरडा राहिला. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र जुलैअखेर भिंतीच्या वरच्या भागात ओल आली आणि ठेकेदाराचा फोन आला, "तुमचं मशिन चुकलं वाटतं."

दोन गोष्टी पाहिल्या. ही ओल छतावर नव्हे तर भिंतीवर आधी दिसली होती. आणि शिपाईकाकांनी आमच्या सांगण्यावरून ठेवलेल्या वहीत नोंद होती की सरळ पडणाऱ्या मुसळधार पावसात ती वाढत नाही, समुद्राकडून झड लागली की दुसऱ्या दिवशी वाढते. कारण कठड्यात होतं. कोटिंग कठड्याच्या आतल्या बाजूने अर्ध्यापर्यंत चढवलेलं होतं. कठड्याचा माथा उघडा, बाहेरच्या गिलाव्याला केसासारख्या भेगा, आणि आत सच्छिद्र जांभा. झडीचं पाणी चिऱ्यात मुरून, कोटिंगच्या वरच्या कडेच्या मागून खाली उतरत होतं. विजेची चाचणी जिथे कोटिंग आहे तिथलंच सांगते. कोटिंग संपतं त्याच्या पलीकडे ती मुकी असते. पावसाळा संपल्यावर माथ्यावर बाहेर उतार आणि पागोळीची खाच असलेलं कोपिंग बसवलं, कोटिंग माथ्यापर्यंत नेलं आणि बाहेरच्या भेगा भरून घेतल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात तो कोपराही कोरडा राहिला.

शेडच्या अंदाजपत्रकाशी तुलना केली तर चाचणी, दुरुस्ती आणि कोपिंग मिळून खर्च बराच कमी आला. पण चाचणीची मंडळी मुंबईहून येतात, त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च गच्ची लहान असो की मोठी, तेवढाच पडतो. शंभर चौरस मीटरच्या घरासाठी एकट्याने हे परवडणं कठीण आहे. आसपासच्या दोन-तीन इमारतींनी मिळून एकाच खेपेत करून घ्यावं, असं आम्ही आता सुचवतो.

वेगळं काय करता आलं असतं

ही चाचणी गळती लागल्यावर करायची नव्हती, कोटिंग झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी करायची होती. त्या एप्रिलमध्ये कोबा कोरडा असल्याने तो आधी एक दिवस भिजवून, पृष्ठभाग सुकू देऊन मग प्रायमर लावावा लागला असता, पण प्रायमरचा ओलाव्याबाबतचा नियम मोडून चाललं नसतं. म्हणून नव्या कामांत आम्ही कोब्याच्या वरच्या पृष्ठभागावर प्रायमरखाली वीजवाहक थर देण्याचा पर्याय निविदेतच विचारतो. त्याने खर्च वाढतो, पण कोबा कोरडा असतानाही चाचणी करता येते.

निविदेत आणखी दोन वाक्यं असायला हवी होती. पहिलं, पहिला हात दुपारनंतर, पृष्ठभागाचं तापमान उतरत असतानाच लावायचा आणि त्या वेळेचे फोटो जोडायचे. दुसरं, पाणी साठवण्याची चाचणी ही विजेच्या चाचणीऐवजी नव्हे, तिच्यानंतर घ्यायची. २८० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर पाणी म्हणजे १४ टन वजन, तेही जुन्या स्लॅबवर. पिनहोल शोधायला ते वजन चढवण्यात अर्थ नाही. पाइपाची तोंडं आणि मोठे जोड तपासायला तिचा उपयोग आहे, आणि तेही भाग पाडून करता येतं.

पहिल्या दुरुस्तीच्या वेळी डाग जिथे आहे तिथेच वर काम करायचा निर्णय सगळ्यांनी मिळून, काही न तपासता घेतला. कोबा नसलेल्या, कोटिंग थेट स्लॅबवर असलेल्या छतावर तो अंदाज बरेचदा बरोबर ठरतो. कोबा असेल तर डागाच्या जागेवरून वरच्या छिद्राची जागा ठरवू नये.

कॉलमच्या सळ्यांचा निर्णय मात्र कार्यकारिणीने अजून घेतलेला नाही. आमची शिफारस अशी आहे की वरचा मजला होणार नसेल तर सळ्या कोब्याच्या पातळीखाली कापून, वर काँक्रीटचा उंचवटा करून कोटिंग त्यावरून न्यावं, आणि एकच सळी प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, ग्रीस लावून, पुढच्या चाचण्यांसाठी जोडणीची जागा म्हणून राखून ठेवावी. तोवर दर ऑक्टोबरला आठही बुंधे उंच दाबाने तपासायचे, असं देखभालीच्या वहीत लिहून ठेवलं आहे.